बारा इंची कॅबिनेट, साडेदहा इंची जागा आणि सिंकखालची कचरा ट्रॉली

कचरा ट्रॉलीच्या खोक्यावर ठळक अक्षरात छापलेलं असतं, ‘३०० मिमी कॅबिनेटसाठी’. दुकानदार तेवढंच वाचून दाखवतो, सुतार तेवढंच ऐकतो, आणि आपण पैसे मोजून घरी आलो की खरी गंमत सुरू होते. काऊन बाप्पा, ३०० म्हणजे आतून की बाहेरून, एवढं एक वाक्य छापायला शाई संपते का?

३०० हे बाहेरचं माप असतं. दोन्ही बाजूंचा १८-१८ मिमीचा प्लाय वजा केला की आत २६४ उरतात. आतून सनमायका लावला असेल तर २६२. ट्रॉलीची चौकट समजा २६० ची आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून खेळायला २ मिमी, अर्धा सूतसुद्धा कसाबसा. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फरशा असतील आणि त्यात प्लायचा डबा ठोकून बसवला असेल, तर तो डबा समोर २६२ आणि मागे २५८ निघणार, कारण कडप्पा कधी सरळ रेषेत उभा केलेला नसतो. सुतार मात्र टेप लावतो ती फक्त तोंडाशी. समोर, मधे आणि मागे, प्रत्येक ठिकाणी वर आणि खाली, अशी सहा मापं घ्या आणि त्यातलं सर्वात लहान धरा. ते चौकटीपेक्षा किमान ४ मिमीने मोठं नसेल तर ती ट्रॉली घेऊच नका. ट्रॉली ज्यावर सरकते ते चॅनल घासत चालणार आणि दोष चॅनलला मिळणार.

समजा रुंदी जमली. पुढचा शत्रू सिंक स्वतःच. ओटा ८५० मिमी उंच आणि सिंक २०० खोल धरा. सिंकचा तळ जमिनीपासून ६५० वर आला. त्याखाली सिंकच्या भोकाचं कपलिंग आणि वास अडवणारा बॉटल ट्रॅप मिळून सव्वादोनशेच्या आसपास खातात, म्हणजे ट्रॅपचं बूड ४२५ वर. इकडे खालून १०० चं स्कर्टिंग, १८ चा तळ-प्लाय आणि चौकटीची ४० धरली तर बादली १६० च्या आसपास बसते. मधे उरले २६५. पंधरा लिटरची अरुंद बादली ३३० च्या आत क्वचितच मिळते. ती ट्रॅपखाली जाणार नाही, ट्रॅपच्या पुढेच उभी राहणार. सिंकचं भोक ओट्याच्या मधोमध, म्हणजे शटरपासून साधारण २८०, त्यातून ट्रॅपची अर्धी जाडी गेली की पुढे मिळतात जेमतेम २४०. आणि विकणारा म्हणतो, ‘ओला-सुका दोन्ही डबे एकामागे एक बसतात.’ कुठे बसतात, पाईपच्या डोक्यावर?

इथे ट्रॉली नाही, पाईप बदलायचा असतो. कपलिंगमधून निघाल्याबरोबर पाईप मागे वळवायचा आणि ट्रॅप भिंतीलगत न्यायचा. आडव्या भागाला भिंतीकडे थोडा उतार ठेवायचा, नाहीतर तिथे रश्शाचं तेल साचून पाईप तुंबणार. वळ्यांचा लवचिक पाईप वेटोळं करून कोंबायचा नाही. तो चौकटीत अडकतो, आणि मग कचरा ओढला की पाणी गळतं. हे काम प्लंबरचं आहे आणि ट्रॉलीच्या आधीचं आहे. पण सुतार आधी येतो, ट्रॉली ठोकतो आणि प्लंबरला बोलवा म्हणून निघून जातो. प्लंबर येतो आणि ट्रॉली काढा म्हणतो.

आता शटर. या प्रकारात शटर बिजागरीवरून उतरवून ट्रॉलीच्या ब्रॅकेटवर चढवायचं असतं. म्हणजे आधी दरवाजा होतं ते आता ड्रॉवरचं तोंड होतं. जुनं शटरच वापरायचं असेल तर एक गोष्ट कोणीच आधी सांगत नाही. बिजागरीच्या कपासाठी मागून ३५ मिमी रुंद आणि साडेबारा मिमी खोल भोक पाडलेलं असतं, काठापासून साधारण २२ मिमीवर. ब्रॅकेटची ओळही नेमकी तिथेच येते. खालच्या स्क्रूला धरायला त्या भोकात जेमतेम साडेपाच मिमी लाकूड राहतं. स्क्रू बसल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात ढिला पडतो, किंवा समोरून सनमायका फुगवून बाहेर डोकावतो. त्या भोकात प्लायची गोल चकती एपॉक्सीने बसवा, एक दिवस वाळू द्या, मग छिद्र पाडा. १८ मिमी शटरला १६ मिमीचाच स्क्रू. सुताराच्या खिशात २५ चे असतात, तो तेच काढणार. थांबवा.

शटर जागेवर आणण्यासाठी डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. ब्रॅकेटवर दुहेरी चिकटपट्टी लावा, ट्रॉली पूर्ण आत ढकला, शेजारच्या शटरशी दोन्हीकडे २-२ मिमी फट ठेवून शटर दाबून चिकटवा. मग हळूच ओढून मागून छिद्रांच्या खुणा करा. ब्रॅकेटच्या लांबट खाचांमध्ये आधी मधल्या जागी स्क्रू बसवा, म्हणजे नंतर वर-खाली सरकवायला जागा राहते. इतकं सोपं काम, पण ‘भाऊ, अंदाजाने बसतं’ म्हणून दोन शटरांमध्ये एकीकडे शून्य आणि एकीकडे पाच मिमीची फट ठेवून जाणारे मिस्त्री कमी नाहीत.

आणि शटरचं डोलणं! ७०० मिमी उंच शटर, ब्रॅकेटची पकड खालच्या ३०० मध्ये, वरचे ४०० अधांतरी. हँडल कुठे? सर्वात वर, कारण शेजारच्या शटरांना वर आहे. वरून ओढलं की आधी प्लायचं डोकं पुढे झुकतं आणि मग ट्रॉली निघते. रोज वीस वेळा हे झालं की ब्रॅकेट वाकतं. उंच ब्रॅकेटची चौकट मिळत असेल तर तीच घ्या. नसेल तर हँडल ब्रॅकेटच्या उंचीवर खाली आणा. दिसायला बेढब दिसेल, दिसू द्या.

सर्वात जास्त डोकं फिरवते ती चॅनलची लबाडी. ४५० मिमीचं साधं चॅनल तीन-चतुर्थांशच बाहेर येतं, म्हणजे शेवटचे ११० मिमी ओट्याच्या आतच. मागची बादली सरळ वर उचलायची तर वर ग्रॅनाइट. ती तिरकी करून काढायची, आणि तिरकी केली की तळाशी जमलेलं पाणी चॅनलवर. मे महिन्यात नागपुरात बंद शटरमागे कालच्या सावजी मटणाची हाडं आणि संत्र्याच्या सालींचं ते पाणी सकाळपर्यंत काय होतं, हे सांगायला नको. विकत घेताना दुकानातच ट्रॉली पूर्ण ओढून पाहा आणि मागची बादली एका हाताने सरळ उचला. दुकानदार म्हणेल, ‘हे डिस्प्ले पीस आहे, घरी नीट चालेल.’ तिथूनच परत फिरा.