आठळ्यांच्या पिठाच्या ४० ऑर्डरी नेमक्या कुणी आणल्या?

"ताई, आठळ्यांच्या पिठासाठी रील चालवा, सर्चवर पैसे घालू नका, असं तुम्ही लिहिलंत. मी दोन्ही करून बघितलं. महिन्यात इन्स्टाग्रामवर ९,००० रुपये गेले, ऑर्डरी ६. गूगल सर्चवर ३,००० गेले, ऑर्डरी ४०. सल्ला पुस्तकी आहे तुमचा. रिपोर्ट मेल केलाय." – वेंगुर्ल्याहून एक वाचक

दादा, रिपोर्ट बघितला. आकडे खरे आहेत, पण त्या ऑर्डरी कुठल्या शब्दांवर आल्या ते तुम्ही उघडून बघितलेलं दिसत नाही. गूगल अ‍ॅड्समधल्या Search terms या पानावर लोकांनी काय टाइप केलं ते सापडतं. तुमच्या ४० पैकी ३१ जणांनी थेट तुमच्या ब्रँडचं नाव टाइप केलंय, काहींनी तर चुकीच्या स्पेलिंगनं. पुण्यातल्या माणसाला ते नाव कुठून कळलं? बहुधा रात्री रील बघितली, सकाळी आठवेल तसं शोधलं आणि पहिली दिसली ती जाहिरात दाबली. शेवटची क्लिक गूगलची, म्हणून ऑर्डर गूगलच्या नावावर चढली.

आता हिशोब वेगळा मांडू. नावावरच्या क्लिक स्वस्त, ३१ ऑर्डरींना फक्त ६०० रुपये. उरलेले २,४०० गेले बाकीच्या ९ ऑर्डरींवर, म्हणजे एकीला सुमारे २६७. त्यातले ७ जण 'जॅकफ्रूट फ्लोअर' शोधत आले होते. त्यांना कच्च्या फणसाचं पीठ हवं होतं, म्हणून दोघांनी पाकीट परत केलं. रील आणि नावावरचा सर्च एकत्र धरला, तर ९,६०० रुपयांत ३७ ऑर्डरी, एकीला साधारण २६०. सर्चवर एका ऑर्डरीला ७५ रुपयेच दिसत होते ते असे.

तुमच्या हापूसचं गणित निराळं. मार्च उजाडला की मुंबईकर स्वतःहून 'देवगड हापूस ऑनलाइन' टाइप करतो, तिथे सर्चच हवा. फक्त 'कलम', 'रोप', 'बाजारभाव' हे शब्द Negative keywords मध्ये टाका, नाहीतर बागायतदारांच्या क्लिकचे पैसे तुम्ही भराल. आठळ्या मात्र आपल्याकडे पावसाळ्यासाठी साठवतात, त्यांचं पीठ मिळतं हे घाटावर कुणाला ठाऊक? जे माहीतच नाही ते माणूस शोधणार कसं?

तरी ३१ च्या ३१ रीलचे, असं मी म्हणणार नाही. काही जुनी गिऱ्हाइकं असतील, काहींनी प्रदर्शनात पाकीट बघितलं असेल. दोन आठवडे रील फक्त पुण्यात दाखवा, नाशकात बंद ठेवा. सर्च दोन्हीकडे चालू राहू दे, पण लोकेशनमध्ये Presence निवडा, नाहीतर पुण्याबद्दल नुसतं शोधणारा मुंबईकरही पुण्यात मोजला जाईल. मग दोन्ही शहरांत तुमचं नाव किती जणांनी शोधलं ते आधीच्या दोन आठवड्यांशी ताडून बघा. ऑर्डरी मोजू नका, एवढ्या थोड्या आकड्यांत दोन-चार इकडेतिकडे होतातच.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. अर्ध्या किलोच्या एका पाकिटात २६० रुपये सुटत नाहीत. रीलवर तीन पाकिटांचा संच ठेवा, किंवा तीच गिऱ्हाइकं आगोटीला परत मागवतात का ते बघेपर्यंत रीलचा खर्च निम्म्यावर आणा.