‘सगळे डिस्प्ले एकाच कारखान्यातले’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

“सर्व्हिस सेंटरची लूट ओळखा! जो डिस्प्ले ते 6-7 हजारांना टाकतात तोच बाहेर 2 हजारांत मिळतो. सगळे डिस्प्ले चीनच्या एकाच कारखान्यात बनतात, फरक फक्त स्टिकरचा. नवीन डिस्प्लेवर अंगठा लागत नसेल तर घाबरू नका, फोन रिसेट मारा, सुरू होतो. सगळ्या ग्रुपवर पाठवा.”

हा मेसेज आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. पण अमळनेरच्या मामांनी त्यावर विश्वास ठेवून डिस्प्ले बदलून घेतला. मग रात्री फोन आला, “भाऊ, आंगठा लागत नही ना!” तिकडे त्यांचा मुलगा मेसेजमध्ये सांगितल्याप्रमाणे फोन रिसेट मारायला बसला होता. बॅकअप काही नव्हता. तो थांबला हे नशीब, आणि म्हणूनच सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

मामांचा फोन अ‍ॅमोलेड डिस्प्लेचा आहे आणि अंगठ्याचा सेन्सर काचेखाली आहे. अशा बहुतेक फोनमध्ये डिस्प्लेच्या मागे एक छोटा कॅमेरा असतो. तुम्ही अंगठा ठेवला की तेवढा भाग लख्ख उजळतो, आणि अंगठ्यावरून परतलेला प्रकाश पिक्सेलमधल्या फटींतून त्या कॅमेऱ्यापर्यंत पोचतो. हे जमतं कारण अ‍ॅमोलेडचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, मागे दिवा लागत नाही. दुकानात त्यांना जो स्वस्त फोल्डर, म्हणजे काच, टच आणि पॅनेल एकत्र असलेला डिस्प्लेचा संच, लावला तो एलसीडी निघाला. बाजारात त्याला इनसेल किंवा टीएफटी म्हणतात. त्याच्या पाठीमागे बॅकलाइट आणि प्रकाश पसरवणारे पडदे असतात. सेन्सरसमोर भिंतच उभी राहिली म्हणा ना. आता रिसेट मारा, अपडेट टाका, काहीही करा, त्या भिंतीतून सेन्सरला अंगठा दिसणार नाही. रिसेटने फक्त फोटो, नंबर आणि चॅट जातात, यूपीआय पुन्हा पहिल्यापासून चालू करावं लागतं, आणि अंगठा तरीही लागत नाही.

यात अर्धं खरं एवढंच की कॅलिब्रेशन नावाचा प्रकार असतो. अस्सल किंवा चांगला ओएलईडी, म्हणजे अ‍ॅमोलेडच्याच तंत्राचा, फोल्डर बसवल्यावर काही फोनमध्ये सेन्सर नव्याने जुळवून घ्यावा लागतो, आणि ते काम कारागीर करतो. पण त्यासाठी आधी डिस्प्ले ओएलईडी असावा लागतो. ज्यांच्या फोनचा अंगठा बाजूच्या बटणावर आहे त्यांना ही अडचणच येत नाही. म्हणूनच “माझ्या फोनला तर काही झालं नाही” म्हणणारा प्रत्येक ग्रुपवर एक तरी सापडतो.

आता “एकच कारखाना” हा मुद्दा. फोनवर नाव असलेल्या बऱ्याच कंपन्या पॅनेल स्वतः बनवत नाहीत, दुसऱ्याकडून घेतात, आणि त्यातले पुष्कळ पॅनेल चीनमध्येच बनतात, हे मान्य. पण म्हणून बाजारात एकच माल आहे असं होत नाही. मामांच्या फोनसाठी मी भाव काढले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये फ्रेमसकट फोल्डर, मजुरी आणि कर धरून साधारण 6,400. बाहेर कम्पॅटिबल ओएलईडी 3,800 च्या आसपास. हा दुसऱ्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी बनवलेला असतो. रंग थोडे उन्नीस-बीस असतात, पण पिक्सेल स्वतः उजळणारे असल्याने सेन्सरला वाट मिळते. अंगठा नक्की चालेल ना, हे मात्र लावण्याआधी विचारून घ्यायचं. आणि तिसरा मामांना लागला तो, 2,200 ला, “ओरिजिनल, कंपनीचाच” असं सांगून. हा फरक स्टिकरचा कसा? तंत्रच वेगळं आहे.

अंगठा एकीकडे ठेवा, पण उन्हाचं काय? खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला टेकतो, आणि आपल्या माणसाचा फोन शेतात वापरला जातो. ई-पीक पाहणीचा फोटो काढताना मामांना आता हाताची सावली करून पाहावं लागतं, कारण या फोल्डरचा उजेड मूळ डिस्प्लेच्या जवळपासही जात नाही. बॅकलाइट पूर्ण वेळ जळतो, त्यामुळे डार्क मोड लावूनही बॅटरी वाचत नाही. 120 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र ताजं करणारा फोन 60 वर आला. फोल्डर मूळपेक्षा जाड, म्हणून फ्रेममध्ये नीट बसत नाही. मामांच्या फोनची डावी कड नखाने उचलली जाते, आणि त्या फटीतून धूळ आणि पाणी आत जाणार. चार्जिंगला लावला की टच आपोआप चालतो, ही तक्रारही अशा मालात नेहमीची आहे.

सर्व्हिस सेंटर महाग आहे, यात वाद नाही. जुन्या फोनची किंमतच पाच हजार उरली असेल तर त्यावर साडेसहा हजार घालू नका, हे मीही सांगेन. तुमचा फोन मुळातच एलसीडीचा असेल तर चांगला कम्पॅटिबल फोल्डर लावून खुशाल वापरा. तिथे धोका बराच कमी.

दुकानात फसायचं नसेल तर एक गोष्ट हट्टाने करून घ्या. फोल्डर चिकटवण्याआधी नुसता कनेक्टर जोडून फोन चालू करायला लावा. गोंद लागला की कोणी परत घेत नाही. मग पूर्ण काळा फोटो उघडा, ब्राइटनेस शेवटपर्यंत न्या आणि हाताची ओंजळ करून आत पाहा. अ‍ॅमोलेड असेल तर काळा भाग विझलेला दिसतो, स्क्रीन कुठे संपते तेही कळत नाही. एलसीडी असेल तर काळ्याचा राखाडी होतो आणि कडेने उजेड झिरपतो. त्यानंतर एखादा आयकॉन दाबून धरा आणि चारही कोपऱ्यांतून फिरवा. मधेच सुटला तर तिथे टच मेलेला आहे.

आणि जुना फोल्डर मागून घ्या. मामांच्या फोनची फक्त वरची काच तडकली होती, चित्र आणि टच दोन्ही ठीक होते. अशा वेळी मशीनवर नुसती काच बदलून मिळते. पॅनेल अस्सलच राहतं आणि खर्च पूर्ण फोल्डरपेक्षा बराच कमी येतो. काच काढताना पॅनेल जाण्याची किंवा हिरवी रेघ येण्याची जोखीम असते, ती आधी विचारून घ्यायची. मामांना हा पर्याय कोणी सांगितलाच नाही. उलट तो चालू अ‍ॅमोलेड फोल्डर दुकानातच राहिला. काच बदलून विकता येतो म्हणून अशा फोल्डरला बाजारात पैसे मिळतात. म्हणजे मामांनी 2,200 रुपये दिले, वर अस्सल पॅनेलही दिलं. आता सर्व्हिस सेंटरला गेले तर एकूण खर्च 8,600.

“बाहेरच्या दुकानाला कायदा लागत नाही” असं त्याच ग्रुपवर एकाने लिहिलं होतं. लागतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 2(43) सांगतं की अस्सल असल्याचा खोटा दावा करून विकलेला माल हा बनावट माल. बिल न देणं याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांमध्ये मोडतं. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पण मामांच्या बिलावर फक्त “मोबाईल रिपेअर 2,200” एवढंच लिहिलंय, त्यामुळे ओरिजिनल म्हणून विकला हे दाखवणं अवघड झालंय. बिलावर फोनचं मॉडेल, “ओरिजिनल” की “कम्पॅटिबल”, “ओएलईडी” की “एलसीडी”, आणि किती महिन्यांची वॉरंटी, हे लिहून घ्या. दुकानदार “ओरिजिनल” हा शब्द लिहायला तयार नसेल तर भाव कम्पॅटिबलचाच द्या.