शिफ्ट बदलाची नोटीस: ‘सोमवारपासून लागू’ एवढ्यावर भागत नाही

«शिफ्टची वेळ ठरवणं हा मॅनेजमेंटचा हक्क आहे. बोर्डावर नोटीस लावा, ग्रुपवर फोटो टाका, सोमवारपासून लागू. तासाभरानं कोणाचं काही बिघडत नाही. मतं मागवली की शंभर जण शंभर गोष्टी सांगतात. आणि कोणी काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना मान्य आहे.»

असं म्हणणाऱ्यांचा एकेक मुद्दा पाहू. आधी हक्काबद्दल. वेळ बदलण्याचा निर्णय मालकानं घ्यायचा असतो, याबद्दल वाद नाही. पण तो कधीपासून अमलात आणता येतो, यावर बंधन असू शकतं. भारतात औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९-अ नं कामाचे तास आणि पाळ्या यांत बदल करायचा असेल तर कामगारांना आधी नोटीस द्यायला सांगितलं आणि नोटिशीनंतर २१ दिवसांच्या आत बदल करायला मनाई केली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० खाली हेच २१ दिवस आहेत. आधी झालेला करार, स्थायी आदेश अशा कारणांनी काही ठिकाणी वेगळे नियम लागतात, ते तपासून घ्यावेत. पण शुक्रवारी नोटीस आणि सोमवारी अंमल, हा सर्वसाधारण नियम या दोन्ही कायद्यांत नाही.

आता तो एक तास. खरी अडचण इथेच होते, म्हणून एक उदाहरण पूर्ण मांडतो. कारखाना तीन पाळ्यांत अखंड चालतो: सकाळी ७ ते ३, दुपारी ३ ते ११, रात्री ११ ते ७. नवी वेळ ६, २ आणि १०. नोटिशीत एकच ओळ आहे, ‘सोमवारपासून लागू’. मग रविवारी रात्री ११ ला आलेली नाइट कुठल्या वेळापत्रकात धरायची? जुन्या वेळेनं ती सोमवारी ७ ला सुटणार आणि नवी फर्स्ट ६ ला हजर होणार. म्हणजे तासभर एका मशीनवर दोन माणसं. नाइटला ६ ला सोडलं तर त्यांचे तास सात भरतात. आठव्या तासाचा पगार मिळणार की कापला जाणार, हे नोटिशीत नसेल तर प्रत्येक सुपरवायझर आपल्या परीनं उत्तर देतो आणि महिन्याअखेरीस टाइम ऑफिससमोर रांग लागते. वेळ पुढे ढकलली, म्हणजे ७ ची ८ केली, तर उलटं होतं: रिलीव्हर येईपर्यंत नाइट नऊ तास थांबते आणि त्या वाढीव तासाचा हिशोब लिहावा लागतो.

त्याहून गंभीर गोष्ट विश्रांतीची. रविवारी सेकंड करून ११ ला सुटलेला माणूस सोमवारी फर्स्टला लावलेला असेल, तर त्याला मधे सात तास मिळतात. जायला एक तास, यायला एक तास धरला तर घरी पाच. जेवण, अंघोळ वजा करता झोप चारच्या आसपास, आणि त्यावर सकाळी ६ ला चालू मशीन. युरोपीय संघाच्या २००३ च्या कामाच्या वेळेविषयीच्या निर्देशात दर २४ तासांत किमान ११ तास सलग विश्रांती धरली आहे, यावरून सात तास किती कमी आहेत ते कळावं. उपाय अवघड नाही. सेकंडच्या त्या माणसाला त्या आठवड्यापुरतं फर्स्टऐवजी नाइटला घ्या: रविवारी रात्री ११ ते सोमवारी रात्री १०, मधे २३ तास मिळतात. किंवा त्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी द्या. मात्र त्यासाठी अशी माणसं आधी शोधावी लागतात, आणि ती सापडतात ड्युटी चार्टवर नावानिशी हात फिरवल्यावरच.

म्हणून नोटिशीत बदलाच्या रात्रीचा वेगळा परिच्छेद हवा. तो असा लिहिता येईल:

‘रविवारची रात्रपाळी रात्री ११ वाजता सुरू होईल व सोमवारी सकाळी ६ वाजता संपेल. या पाळीची हजेरी व वेतन पूर्ण ८ तासांचे धरले जाईल. सोमवारची पहिली पाळी सकाळी ६ वाजता सुरू होईल. रविवारी दुसऱ्या पाळीत असलेल्या कोणासही सोमवारी पहिल्या पाळीत बोलावले जाणार नाही.’

हाच मजकूर हजेरीच्या सिस्टिममध्येही उतरायला हवा. तिथे नाइटची सुटण्याची वेळ ७ च राहिली तर ६ ला पंच केलेला प्रत्येक जण ‘लवकर गेला’ म्हणून दिसतो. पहिल्याच सकाळी हजेरीचा रिपोर्ट काढला की हे लगेच कळतं.

मतं मागवल्यानं गोंधळ होतो, हे अर्धं खरं आहे. ‘आपले मत कळवा’ असं विचारलं तर तो होतोच. काय ठरलेलं आहे आणि काय अजून बदलू शकतं, हे आधी सांगा. उदाहरणार्थ, पहिली पाळी ७ च्या आधी सुरू करायची हे ठरलेलं. ६ की साडेसहा, आणि गाडीचा मार्ग, हे खुलं. मग चार नेमके प्रश्न: नव्या वेळेला तुम्ही कशानं याल-जाल? त्या वेळेत घरी लहान मूल, आजारी माणूस, शिक्षण अशी ठरलेली जबाबदारी आहे का, किती ते किती? दोनपैकी कोणती वेळ जमेल? पाळी हाती देताना-घेताना कामात काय अडेल? नाव ऐच्छिक ठेवा, पण विभाग आणि पाळी लिहायलाच सांगा.

मुदत किती? आम्ही १४ दिवस सुचवतो. पाळी दर आठवड्याला फिरत असेल तर तेवढ्यात प्रत्येक जण दोन वेगळ्या पाळ्यांत येऊन जातो, आणि आठवडाभर रजेवर असलेल्यालाही एक आठवडा उरतो. सात दिवस दिले तर तो माणूस पूर्ण सुटतो. क्रम असा बसतो: पहिल्या दिवशी कारणासह मसुदा युनियनकडे किंवा कामगार प्रतिनिधींकडे, चौथ्या दिवशी सगळ्यांकडे, कंत्राटी कामगार, सिक्युरिटी आणि कॅन्टीनसह, त्याच आठवड्यात प्रत्येक पाळीची वीस मिनिटांची बैठक, त्यांच्याच ड्युटीच्या वेळेत. अठराव्या दिवशी मुदत संपते. तेविसाव्या दिवसापर्यंत लेखी उत्तर: कोणती सूचना घेतली, कोणती नाही आणि का. चोविसाव्या दिवशी अंतिम नोटीस, तिथून पूर्ण २१ दिवस सोडून अंमल. सगळं मिळून साडेसहा आठवडे. सल्लामसलत नोटिशीच्या आधी करायची कारण नोटीस लावल्यावर प्रस्ताव बदलला तर ती नव्यानं काढून दिवस पुन्हा मोजायची वेळ येते.

शांततेचा अर्थ लावण्याआधी फॉर्म पाळीनुसार मोजा. फर्स्टकडून चाळीस आणि नाइटकडून शून्य आले असतील तर नाइटला मान्य आहे असं नव्हे. बहुधा त्यांच्यापर्यंत मसुदा पोचलेलाच नाही, कारण बैठक सकाळी ११ ला झाली. प्रत्येक पाळीत वाचून दाखवून रजिस्टरवर सही घ्यावी, आणि ती ‘वाचले’ची आहे, ‘मान्य’ची नाही, हे सहीच्या रकान्यावरच छापावं. ग्रुपवर फोटो जरूर टाका, पण वर ‘मसुदा’ किंवा ‘अंतिम’ आणि तारीख ठळक हवी. नाहीतर अंतिम नोटीस निघाल्यावरही जुना फोटोच फिरत राहतो आणि लोक चुकीच्या वेळेला गेटवर येतात.

खरी तातडी कधी येते तेव्हा हे सगळं शक्य नसतं. बॉयलर बंद पडला, वीज ठरावीक तासांतच मिळू लागली, तर पाळी लगेच बदलावी लागते. २०२० च्या संहितेच्या कलम ४० मध्येच अशा आपत्कालीन बदलाला नोटिशीतून सूट आहे, पण तक्रार निवारण समितीशी सल्लामसलत करून. तेव्हा त्या नोटिशीवर कारण आणि बदल संपण्याची तारीख, दोन्ही लिहावं. तारखेनंतरही तीच वेळ ठेवायची असेल तर पहिल्या दिवसाच्या मसुद्यापासून सुरुवात करावी.