सेटिंगचे तास आणि ‘एकच खर्च दोनदा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया :

“लेख वाचला. इतक्या ठामपणे चुकीचं लिहायला धाडस लागतं. सेटिंगचे तास तुम्ही भाजकातून वजा करता, म्हणजे दर तिथेच फुगतो. वर सेटरची मजुरीही खर्चात धरता. एकच खर्च दोनदा! शिवाय घसारा सरळ रेषेनेच का, सेटिंगमध्ये वीज शून्य कशी, ऑपरेटरचा पगार कुठे गेला, हेही कळलं नाही. कॉस्टिंगची पहिली इयत्ता पुन्हा करा.”

उत्तर :

नमस्कार. आधी संदर्भ : तो लेख मशीनचा ताशी दर काढण्याबद्दल होता, म्हणजे वर्षाचा खर्च भागिले मशीनचे तास. सेटिंग म्हणजे नवा जॉब सुरू करण्याआधी मशीन त्यासाठी तयार करणं, आणि ते करणारा तो सेटर. प्रतिक्रियेबद्दल आभार मानायची पद्धत आहे, म्हणून मानतो. पण शेवटचं वाक्य लिहिण्याची गरज नव्हती. हिशेब चुकला असं वाटलं तर आकडा दाखवा, मी आकड्यानेच उत्तर देईन. माणसाची इयत्ता काढल्याने हिशेब बरोबरही ठरत नाही आणि चूकही ठरत नाही. मी मशीन शॉपमध्ये जॉब कार्डं भरण्यापासून सुरुवात केली, पुढे त्याच कार्डांवरून दर काढायचं काम केलं. सेटर मशीनवर वाकलेला असताना घड्याळ कसं पळतं हे मी तिथेच उभं राहून पाहिलं आहे. त्यामुळे ‘एकच खर्च दोनदा’ हे शब्द मी नुसते वाचून सोडू शकत नाही.

लेखातलेच आकडे घेऊ. मशीनची किंमत, वाहतूक आणि बसवण्याचा खर्च मिळून 12,00,000 रुपये. आयुष्य 10 वर्षं, शेवटी भंगारात 1,20,000 येतील. म्हणजे वर्षाचा घसारा 1,08,000. दुरुस्ती आणि देखभाल वर्षाला 48,000. पाळीचे तास 2500, त्यातले 100 देखभालीत जातात, उरले 2400. या 2400 पैकी 400 तास सेटिंगचे, 2000 तास प्रत्यक्ष कटिंगचे. वीज तासाला 10 युनिट, युनिटला 9 रुपये, फक्त कटिंगच्या तासांत, म्हणजे 1,80,000. सेटरची मजुरी तासाला 180, म्हणून 400 तासांचे 72,000. सगळे मिळून 4,08,000. त्याला 2000 ने भागलं की दर 204 रुपये.

आता हा 204 उकलून बघा. घसारा आणि दुरुस्ती मिळून 1,56,000 होतात. ते 2400 तासांवर पसरले तर तासाला 65 पडतात, 2000 वर पसरले तर 78. भाजकातून सेटिंगचे तास काढल्यामुळे तुमच्या म्हणण्याप्रमाणे दर जो ‘फुगतो’, तो या 13 रुपयांनी. हे 13 रुपये कशाचे? सेटिंग चालू असताना मशीन अडकून पडलं, त्या 400 तासांच्या घसाऱ्याचे आणि दुरुस्तीचे. आणि सेटरच्या मजुरीचे तासाला 36 वेगळे. 65, विजेचे 90, 13 आणि 36, बेरीज 204. 13 रुपये अडकलेल्या मशीनचे, 36 रुपये राबलेल्या माणसाचे. माणसाचा पगार दिला म्हणून मशीनचा घसारा थांबत नाही. हे दोन खर्च आहेत आणि प्रत्येक एकदाच धरला आहे. खात्री हवी तर उलटं गुणा : 204 गुणिले 2000 म्हणजे बरोबर 4,08,000. खर्च दोनदा धरला असता तर वसुली खर्चापेक्षा जास्त आली असती. ती एक रुपयानेही जास्त येत नाही.

सेटिंगचे तास उत्पादक मानून भाजकात ठेवायचीही पद्धत आहे आणि ती चूक नाही. तेव्हा 4,08,000 भागिले 2400, दर 170. पण मग सेटिंगचा प्रत्येक तास त्या त्या जॉबवर 170 रुपयांनी लावावा लागतो. खरी चूक होते ती दोन पद्धतींची सरमिसळ केल्यावर. दर 170 चा घेतला आणि जॉबवर फक्त कटिंगचे तास लावले, तर वर्षाची वसुली 3,40,000 होते, 68,000 रुपये खिशातून जातात. दर 204 चा घेतला आणि सेटिंगचे तासही लावले, तर वसुली 4,89,600 होते. तुम्ही म्हणता तो दुहेरी खर्च इथे होतो, माझ्या तक्त्यात नाही.

यातली पहिली सरमिसळ मी जवळून पाहिली आहे. एका वर्कशॉपमध्ये मालकांनी दर स्वस्त दिसावा म्हणून भाजकात सगळे तास घातले, आणि कोटेशनमध्ये सेटिंगचा रकाना ठेवलाच नाही. ऑर्डरी भरपूर यायच्या, मशीन रिकामं नसायचं, तरी हातात काही उरायचं नाही. दोष विजेच्या बिलाला दिला जात होता. वर्षभराच्या जॉब कार्डांवरचे तास दराने गुणून ती बेरीज खर्चाच्या वहीशेजारी ठेवली, तेव्हा फरक सापडला. तो सेटिंगच्या तासांएवढाच होता.

तुम्हाला हल्ला करायचाच होता तर खरी जागा दुसरीकडे होती, आणि ती तुम्हाला दिसली नाही याचं मला वाईट वाटतं. 204 चा दर वर्षाच्या शेवटी बरोबर जुळतो, पण एकेका जॉबला तो न्याय देत नाही. तीन तास सेटिंग आणि पाच तास कटिंगचा छोटा जॉब घ्या. 204 ने त्याला 1020 रुपये पडतात. दोन दर वेगळे काढले, म्हणजे कटिंगचा 65 अधिक 90, असा 155, आणि सेटिंगचा 65 अधिक 180, असा 245, तर त्याच जॉबला 735 आणि 775 मिळून 1510 पडतात. तेवढ्याच सेटिंगवर साठ तास चालणाऱ्या मोठ्या बॅचला 204 ने 12,240 पडतात, दोन दरांनी 10,035. म्हणजे मोठी बॅच छोट्या जॉबचा भार उचलते, मोठं काम महाग कोटेशनमुळे हातचं जातं आणि छोटी कामं तोट्यात घेतली जातात. दोन्ही दरांनी वर्षाची बेरीज तीच येते : 3,10,000 अधिक 98,000. म्हणून बॅचचा आकार फार बदलत असेल तिथे मी दोन दरच वापरा म्हणतो.

एक गोष्ट मान्य. सेटिंगमध्ये वीज अगदी शून्य नसते. कंट्रोल, हायड्रॉलिक पंप, दिवे चालू राहतात, ट्रायल कटही होतो. मशीनला वेगळा मीटर लावून आकडा घेतला तर तो सेटिंगच्या दरात जरूर घाला.

बाकीच्या मुद्द्यांवर वेळ घालवत नाही. काम दरवर्षी साधारण सारखं असेल तर सरळ रेषेचा घसारा पुरतो. ऑपरेटरचा पगार जॉबवर थेट मजुरी म्हणून जातो. तो दरात घातला की तो सर्वसमावेशक दर होतो, आणि लेख त्याबद्दल नव्हताच.

आता एवढंच सांगा : तुम्ही जो दर काढता, त्यात सेटिंगचे तास भाजकात असतात का, आणि असतील तर जॉब कार्डवर ते वेगळे लावता का? दोन्हीची उत्तरं लिहिलीत तर पुढे बोलू. पण इयत्तेची भाषा पुन्हा आली तर प्रतिक्रिया छापणार नाही.