लूपचा क्रम बदलला तर चालते, B[j][k] लिहिलं तर नाही

«मॅट्रिक्स गुणाकारात i, j, k कंसात कुठंही लावा, मॅट्रिक्स चौरस असली की उत्तर बरोबरच येते. करून पाहा: A = १ २ / ३ ४, B = २ १ / १ २. लूपचा क्रम मात्र i, j, k असाच ठेवा, तो बदलला की उत्तर चुकते. आकडे उलटे आले तर शेवटी ट्रान्सपोज करा. एरर न देता रन झाला म्हणजे प्रोग्राम बरोबर. प्रॅक्टिकलवाल्या सगळ्यांना पाठवा.»

हा मेसेज माझ्या भाचीला तिच्या पॉलिटेक्निकच्या ग्रुपवर आला आणि तिनं तो खरा मानून जर्नलमधला प्रोग्राम तसाच लिहून टाकला. रविवारी दुपारी कूलरसमोर बसून ती सारखा तोच प्रोग्राम रन करून राहिली होती, म्हणे मामा पाहा ना, वहीवर वेगळं येते आणि स्क्रीनवर वेगळं. दोन तास गेले पोरीचे. माझं रोजचं काम प्रोग्रामिंगचंच आहे, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकतो, कारण हा मेसेज आणखी तीन ग्रुपवर फिरताना पाहिला.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून त्याच्यावरच जास्त बोलतो. बरोबर ओळ ही:

```c
for (i = 0; i < n; i++)
  for (j = 0; j < p; j++)
    for (k = 0; k < m; k++)
      c[i][j] += a[i][k] * b[k][j];
```

भाचीच्या प्रोग्राममध्ये शेवटी `b[j][k]` होतं, बाकी सगळं हेच. आता हे नुसते आकडे म्हणून पाहिलं तर काही कळत नाही, म्हणून मी तिला बाजाराचा हिशोब मांडून दिला. A म्हणजे कोणाच्या घरी किती किलो लागते: आमच्याकडे १ किलो कांदे, २ किलो आलू, तिच्याकडे ३ किलो कांदे, ४ किलो आलू. B म्हणजे भाव: पहिली ओळ कांद्याची, कॉटन मार्केटात ३० आणि सक्करदऱ्यात ४०, दुसरी ओळ आलूची, कॉटन मार्केटात २० आणि सक्करदऱ्यात २४ (भाव हिशोबापुरते धरले आहेत). म्हणजे k हा जिन्नस आहे, कांदा किंवा आलू, आणि तो A मध्ये कॉलम असते तर B मध्ये रो असते. आमच्या घरचा कॉटन मार्केटचा खर्च १×३० + २×२० = ७०. चारही खाने काढले तर ७० ८८ / १७० २१६ येतात.

`b[j][k]` लिहिल्यावर काय होते पाहा. पहिल्या खान्यात j शून्य आहे, म्हणून प्रोग्राम B च्या पहिल्या ओळीतच आडवा चालत जातो, ३० घेतो आणि मग ४०. म्हणजे १×३० + २×४० = ११०. हे २×४० काय आहे? आमच्या दोन किलो आलूला सक्करदऱ्यातल्या कांद्याचा भाव लागला! अख्खं उत्तर ११० ६८ / २५० १५६ असं येते, चारातला एकही खाना बरोबर नाही. गणिताच्या भाषेत हा A आणि B चा गुणाकारच नाही, A आणि B च्या ट्रान्सपोजचा आहे. `a[k][i]` लिहिलं तर A चा ट्रान्सपोज गुणिले B मिळतो, तोही वेगळाच.

मग मेसेजमधलं उदाहरण बरोबर कसं येते? तिथली B नीट पाहा, २ १ / १ २, ती आडवी वाचा की उभी, सारखीच आहे. अशा सिमेट्रिक मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज म्हणजे तीच मॅट्रिक्स, म्हणून `b[j][k]` आणि `b[k][j]` दोन्हीनं ४ ५ / १० ११ येते आणि चूक लपून जाते. आयडेंटिटी मॅट्रिक्स घेतली किंवा सगळीकडे १ भरून पाहिलं तरी B अशीच लपवते. आणि कुठंही लावा म्हणता ना, तर याच उदाहरणात `a[k][i]` लावून पाहा, ५ ७ / ८ १० येते. म्हणजे स्वतःचं उदाहरणसुद्धा कोणी पूर्ण करून पाहिलं नाही आणि दिलं पाठवून पोरांना.

लूपच्या क्रमाचं तर साफ उलटं सांगितलं आहे. तीन लूपचे सहा क्रम होतात आणि कंसातली ओळ बरोबर असेल तर सहाच्या सहा क्रमांनी उत्तर एकच येते, कारण प्रत्येक खान्यात तेच गुणाकार जमा होतात, फक्त कोणता खाना कधी भरायचा ते बदलते. गोलब आणि व्हॅन लोन यांचं मॅट्रिक्स कम्प्युटेशन्स हे या विषयातलं मानलेलं पुस्तक आहे, त्याच्या पहिल्याच प्रकरणात हे सहाही क्रम मांडले आहेत, लायब्ररीत असेल तर काढून पाहा. हो, एक गोष्ट मान्य करावी लागेल: बरेच जण `sum = 0` करून k च्या लूपमध्ये बेरीज करतात, किंवा `c[i][j] = 0` आतच लिहितात, त्यांनी k चा लूप बाहेर नेला तर उत्तर खरंच बिघडते. पण ते शून्य करायची जागा चुकल्यामुळं, क्रमामुळं नाही. आधीच अख्खी C शून्य करून ठेवली की क्रम कोणताही चालते.

ट्रान्सपोजवाला इलाज एकाच चुकीला लागू पडते, `c[j][i]` मध्ये साठवलं असेल तर. वरचं ११० ६८ / २५० १५६ फिरवा, ११० २५० / ६८ १५६ होईल, त्यात ७० कुठून येणार?

राहिलं एरर न येण्याचं. भाचीला म्हटलं, आता तिसरा जिन्नस टाक, टमाटर, आमच्याकडे १ किलो आणि तुमच्याकडे २, भाव ५० आणि ६०. A झाली २×३, B झाली ३×२. आमचा कॉटन मार्केटचा खर्च ७० + ५० = १२० यायला पाहिजे. तिचा प्रोग्राम ११० दाखवते, एरर काहीच नाही. कारण जर्नलमध्ये सगळे `int b[10][10]` लिहितात, आणि `b[j][k]` आता `b[0][2]` वाचायला जाते, ती जागा आहे पण तिथं कोणी काही भरलंच नाही. तिचे ॲरे `main` च्या बाहेर होते म्हणून तिथं ० मिळालं, म्हणजे टमाटर फुकट. `main` च्या आत असते तर तिथं कोणताही कचरा आकडा मिळाला असता. पायथॉनमध्ये लिस्ट नेमक्या ३×२ च्या असल्या तर `IndexError: list index out of range` येते, पण २×२ ला पायथॉनही चूप बसते.

म्हणून तपासायचं असेल तर २×३ आणि ३×४ अशा मॅट्रिक्स घ्या, म्हणजे तिन्ही लूपच्या मर्यादा वेगळ्या राहतात, आणि सगळे आकडे वेगवेगळे भरा. मग पहिल्या ओळीचा दुसरा खाना हातानं काढा, डावं बोट A च्या ओळीवरून आडवं, उजवं बोट B च्या कॉलमवरून उभं. कंसाकडं पाहायचं असेल तर दोन्ही k शेजारीशेजारी दिसले पाहिजेत, `a[i][k]` आणि `b[k][j]`, आणि बाहेर उरलेले i, j तेच `c[i][j]` मध्ये, त्याच क्रमानं. भाचीनं `b[j][k]` खोडून `b[k][j]` केलं, रन केलं, १२० आलं. मग तिनंच तो मेसेज ग्रुपवर उघडून त्याच्याखाली कांदे-आलूचा हिशोब टाइप करायला घेतला.