नानांचं चौथं टेबल

कालच्या लग्नात मला श्रीखंड मिळालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. "तू कंप्युटरवाला, बसवायचं तूच बघ" म्हणून पाहुण्यांची टेबलं माझ्या गळ्यात पडली, आणि अट एकच, ज्यांचं फाटलंय ते एका टेबलावर नकोत.

प्रत्येकाचा एक ठिपका काढला, ज्यांचं वाजलंय त्यांच्यात रेघ. मोठे काका–धाकटे काका (शेताचा बांध), धाकटे काका–आत्या (आजीच्या पाटल्या), आत्या–मामी, मामी–मावशी, मावशी–मोठे काका. आता टेबल म्हणजे रंग, रेघेच्या दोन टोकांना एकच रंग द्यायचा नाही. गणितात याला ग्राफ कलरिंग म्हणतात, आमच्याकडे लग्न म्हणतात.

हॉलचा मॅनेजर मागे उभा. "दोन टेबलांत होतंय की साहेब." म्हटलं बघा, मोठे काका एक नंबरला, धाकटे दोनला, आत्या एकला, मामी दोनला. मावशी कुठे? एकवर मोठे काका, दोनवर मामी. "मावशींना जरा सरकवा." कुठे? "मधे खुर्ची टाकतो ना." मग म्हणे, "मावशींपासून सुरू करा!" केलं. आता मामी अडकली. "बघा, मावशी तर बसल्या!" असं वर मलाच.

भांडणांची साखळी फिरून पहिल्यावर आली आणि माणसं विषम असली की कुठूनही सुरू करा, दोन टेबलं पुरत नाहीत. तिघं एकमेकांवर उठलेत असंही नाही, तरी तिसरं लागतंच. एका जोडीने जरी समेट केला असता तरी दोनात भागलं असतं, म्हणून आत्याला विचारलं. "मी कुठे भांडते, तीच बोलत नाही!" पण एकाने तोंड फिरवलं तरी रेघ पडतेच, तिला बाण नसतो.

नकाशाला चार रंग पुरतात हे 1976 मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी कंप्युटर लावून सिद्ध केलं, पण नकाशात भांडण सीमेला लागून असलेल्याशीच. आमच्यात साताऱ्याचा माणूस नागपूरवाल्याशी वाजवून घेतो, त्यामुळे पाच लागतील, सात लागतील, हमी कोण देणार?

हे होईस्तोवर नाना आले. नानांचं पाचही जणांशी वाकडं. तिन्ही टेबलं कशीही वाटा, प्रत्येकावर नानांचा एक तरी वैरी बसलेलाच. म्हणजे चौथं टेबल. मॅनेजर आता गप्प, फक्त बिलात वाढ लिहून घेतली. नानांना वाटलं हे मानाचं टेबल, ते फेटा सावरत बसले. तेवढ्यात मोठे काका, "त्याला वेगळं टेबल, आणि आम्ही काय रस्त्यावर पडलोय?"

नाना एकटे बरे दिसत नाहीत म्हणून मला तिथे बसवलं, कारण माझं कुणाशी वाजलेलं नाही. वाढपी तीन टेबलांपर्यंत येऊन वळायचे. मी हाक मारली तर नाना म्हणाले, "ओरडू नकोस, मानाच्या टेबलाला शेवटी वाढतात." शेवटी नुसत्या पुऱ्या आल्या, त्याही गार. आता नानांशी माझीही रेघ आहे.