जुन्या ग्राहकाकडे शिफारस मागताना

लिंक्डइनवरील माझ्या प्रोफाइलवर सुरुवातीच्या काळात ज्या सहा शिफारशी जमल्या होत्या, त्यांपैकी पाचांत माझ्या जागी दुसऱ्या कोणत्याही अनुवादकाचे नाव घातले असते, तरी एकही शब्द बदलावा लागला नसता. ‘काम वेळेत, दर्जा उत्तम, स्वभाव सहकार्याचा’ एवढेच त्यांत होते. लिहिणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण मी प्रत्येकाला ‘सवडीने माझ्याविषयी दोन ओळी लिहाव्यात’ असेच कळवले होते आणि त्यांनीही सौजन्याने तेवढेच केले होते.

दुसरी चूक माणसांच्या निवडीत होती. नावापुढे संचालक किंवा व्यवस्थापक असे पद असले की शिफारशीला वजन येते, असे मला वाटत असे. पण ज्यांनी केवळ ऑर्डरवर सही केलेली असते, त्यांना आपले काम आठवावे तरी कसे? ज्याने आपला मसुदा ओळीओळीने वाचला, शंका काढल्या आणि पुढे त्या कामाचा उपयोग केला, तोच माणूस काही ठोस लिहू शकतो, मग त्याचे पद कितीही लहान असो. ज्यांच्याशी मध्येच मतभेद झाले आणि ते नीट मिटले, अशा ग्राहकाला तर मी आवर्जून विचारतो. याउलट ज्यांच्याकडे बिल थकले आहे किंवा नव्या कामाच्या दराची बोलणी सुरू आहेत, त्यांना त्या काळात विचारू नये, कारण तेव्हा विनंतीला व्यवहाराचा वास येतो.

एक उदाहरण देतो. शेतीपंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेचा मी मराठी अनुवाद केला होता. पहिल्या मसुद्यात मी कोशातले शब्द शोधून घातले होते. कंपनीच्या सर्व्हिस विभागाच्या प्रमुखांनी तो गावोगावच्या मेकॅनिकांना वाचायला दिला आणि बरीचशी पाने लाल खुणांसह परत पाठवली. त्यानंतर आम्ही दोघांनी बसून इंपेलर, ग्लँड, फूटव्हॉल्व्ह हे शब्द जसेच्या तसे ठेवले आणि प्रायमिंगच्या जागी ‘पंप सुरू करण्यापूर्वी सक्शन पाइप आणि पंप पाण्याने भरून आतली हवा काढून टाकावी’ असे सरळ वाक्य लिहिले. शिफारस मागायची वेळ आली तेव्हा मी संचालकांना सोडून या प्रमुखांना विचारायचे ठरवले, आणि पुस्तिका मेकॅनिकांच्या हातात पडून तीन महिने होईपर्यंत थांबलो, कारण त्याआधी तिचा उपयोग झाला की नाही हे त्यांनाही सांगता आले नसते.

आधी फोन करून त्यांना लिहायला चालेल का, आणि कंपनीची त्याला हरकत नाही ना, हे विचारून घेतले. लिंक्डइनवर शिफारशीची विनंती आपल्या कनेक्शनमधील व्यक्तीलाच करता येत असल्याने तेही आधीच जोडून घेतले. विनंतीसोबत तयार येणारा मजकूर पुसून मी हे लिहिले:

‘नमस्कार सर. फोनवर ठरल्याप्रमाणे विनंती पाठवत आहे. पुस्तिकेच्या पहिल्या मसुद्यातील शब्द मेकॅनिकांना अडले होते आणि आपण दोघांनी ते बदलले, ते आपल्याला आठवत असेल. त्या वेळी नेमकी अडचण काय होती, ती सोडवताना माझे काम आपल्याला कसे वाटले आणि पुस्तिका वापरात आल्यावर काय फरक दिसला, एवढ्याविषयी चारपाच वाक्ये लिहिलीत तर तांत्रिक अनुवाद करून घेणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. जमण्यासारखे नसेल तर निःसंकोच सांगावे.’

पुष्कळ जण सगळा मसुदाच लिहून ग्राहकाला पाठवतात, म्हणजे त्याचा वेळ वाचतो. मला ते पटत नाही, कारण मग सगळ्या शिफारशी एकाच हातच्या वाटू लागतात आणि वाचणाऱ्याच्या ते ध्यानात येते. मी प्रसंगाची आठवण करून देतो आणि प्रश्न विचारतो. उत्तर मात्र त्यांचेच हवे. प्रश्नही दोनतीनच असावेत, नाहीतर परीक्षेच्या पेपरासारखा तो मजकूर बाजूला पडतो. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर मी एकदाच आठवण करून देतो.

या गृहस्थांनी आठच दिवसांत लिहिले. ‘अनुवादकाने आपले शब्द सोडून मेकॅनिकांचे शब्द घेतले, आणि प्रायमिंगविषयी विचारणारे फोन आता क्वचितच येतात,’ असे त्यात होते, आणि हे वाक्य मला स्वतःला कधीच सुचले नसते. आलेली शिफारस आपण स्वीकारेपर्यंत प्रोफाइलवर दिसत नाही आणि तोवर दुरुस्तीची विनंतीही करता येते. ती सोय मी तपशिलाच्या चुकीसाठीच वापरतो. त्यांनी काम चार आठवड्यांत झाल्याचे लिहिले होते, प्रत्यक्षात सात लागले होते. मी तेवढा आकडा बदलायला सांगितला आणि त्यांनी त्याच संध्याकाळी तो बदलून दिला.